बॅक पास झाला की नाही, हे गोलकीपरच्या हातांवरून नव्हे तर डिफेंडरच्या पायावरून ठरते

प्रश्न: माझा मुलगा नागपुरात एका शालेय स्पर्धेत गोलकीपर होता. आमच्या डिफेंडरने घसरत जाऊन चेंडू अडवला, तो मुलाकडे आला, त्याने उचलला, तर रेफरीने इनडायरेक्ट फ्री किक दिली आणि त्यावर गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या डिफेंडरने गुडघ्याने दिलेला चेंडू त्यांच्या कीपरने उचलला, तेव्हा मात्र काहीच दिले नाही. बॅक पासचा नियम नेमका काय आहे? आणि कीपरची किक चुकली तर त्याने पुन्हा चेंडू उचलला तर चालतो का?

उत्तर: दुसऱ्या हाफमधला निर्णय बरोबर होता. पहिल्या हाफमधला निर्णय तुम्ही सांगता तशीच घटना घडली असेल तर चुकीचा होता, पण ‘तशीच’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे. आणि किक चुकल्यावर चेंडू उचलण्याची मुभा कीपरला 2019 पासून आहे, मात्र ती फार थोड्या कीपरांना आणि त्याहून थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते. मी सव्वीस वर्षे नागपूर आणि कामठीच्या मैदानांवर रेफरी म्हणून उभा राहिलो आहे आणि या काळात ‘बॅक पास है सर!’ ही आरोळी मी ऑफसाइडच्या खालोखाल ऐकली आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा बॅक पास नसतोच, कारण कीपरने चेंडू हातात घेतला एवढेच ओरडणाऱ्याने पाहिलेले असते. चेंडू त्याच्याकडे कसा आला ते पाहिलेले नसते.

नियमाचे शब्द असे आहेत की, संघातल्या सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने गोलकीपरकडे मारलेल्या चेंडूला गोलकीपरने आपल्या पेनल्टी एरियात हात लावला, तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. या वाक्यात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. चेंडू पायाने मारलेला असला पाहिजे, तो जाणूनबुजून मारलेला असला पाहिजे, आणि तो कीपरसाठीच मारलेला असला पाहिजे. एक अट जरी सुटली तरी गुन्हा राहत नाही आणि कीपर चेंडू खुशाल छातीशी धरू शकतो.

‘पायाने’ ही अट सर्वांत सोपी आहे. नियमपुस्तकात किक म्हणजे पाऊल किंवा घोटा यांचा चेंडूला झालेला स्पर्श, इतकेच धरलेले आहे. त्यामुळे डोके, छाती, मांडी, गुडघा आणि नडगी हे सगळे या नियमाबाहेर राहतात. समोरच्या संघाच्या डिफेंडरने गुडघ्याने चेंडू मागे ढकलला, अगदी कीपरकडे बघून, हाक मारून ढकलला, तरी कीपरला तो उचलता येतो. तुमच्या मुलाच्या सामन्यात दुसऱ्या हाफमध्ये नेमके हेच झाले.

इथे एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. डिफेंडरच्या पायाशी चेंडू शांत पडलेला आहे, त्याने तो पायाच्या बोटांनी वर उडवला आणि मग डोक्याने किंवा गुडघ्याने कीपरकडे दिला, तर ती नियमाला बगल देण्यासाठी केलेली युक्ती ठरते. अशा वेळी डिफेंडरला पिवळे कार्ड मिळते आणि इनडायरेक्ट फ्री किकही दिली जाते. विशेष म्हणजे, कीपरने त्या चेंडूला हात लावला की नाही याने काही फरक पडत नाही, कारण शिक्षा युक्ती केल्याची असते. ही युक्ती कीपरनेच जुळवून आणली असेल, म्हणजे गोल किक घेताना त्याने चेंडू सहकाऱ्याच्या डोक्यावर अलगद टाकला आणि त्याने तो डोक्यानेच परत दिला असेल, तर कार्ड कीपरला मिळते. पण खेळाच्या ओघात उडत आलेला चेंडू डिफेंडरने डोक्याने कीपरकडे दिला तर त्यात युक्ती काहीच नाही. तो साधा, नैसर्गिक बचाव आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘हेतुपुरस्सर’ या अटीकडे येतो, कारण मैदानावरचे बहुतेक वाद तिथेच होतात. हेतू दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात, आणि रेफरीला त्या खुणांवरून अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते. मी स्वतः सर्वांत आधी डिफेंडरला निवड होती का, हे पाहतो. त्याच्यापुढे जागा होती, वेळ होता, मान वळवून त्याने कीपर कुठे आहे हे पाहिले, पायाच्या आतल्या बाजूने चेंडूला मोजून धक्का दिला, तर तो बॅक पास आहे यात शंका उरत नाही. याउलट त्याचा तोल गेलेला आहे, अंग एका दिशेला आणि चेंडू दुसऱ्या दिशेला जातो आहे, पाय ताणून कसाबसा चेंडूला लागला आहे, तर तो अडवलेला चेंडू असतो, दिलेला नसतो. चेंडूचा वेगही खूप काही सांगतो. कीपरला झेपेल अशा बेताने आलेला चेंडू बहुधा दिलेला असतो, आणि गवतावरून उड्या मारत, फिरत, गोलपोस्टच्या दिशेने वाकडातिकडा आलेला चेंडू बहुधा कुठेतरी लागून आलेला असतो.

तुमच्या वर्णनावरून घटना डोळ्यांसमोर आणून पाहू. समोरचा फॉरवर्ड बॉक्सच्या कडेने आत शिरतो, तुमचा डिफेंडर घसरत जातो, त्याचा बूट चेंडूला लागतो आणि चेंडू मागे कीपरकडे सरकतो. पायाचा स्पर्श झाला, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली. चेंडू कीपरकडे गेला, हेही खरे. पण डिफेंडरचा हेतू फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढण्याचा होता. तो कीपरकडे गेला हा त्या टॅकलचा परिणाम आहे, उद्दिष्ट नव्हे. इथे इनडायरेक्ट फ्री किक देता येत नाही, आणि रेफरीने ती दिली असेल तर निकाल चुकला.

पण हीच घटना थोडी बदलून पाहा. तोच डिफेंडर घसरत गेला, चेंडू त्याच्या पायाने फॉरवर्डपासून सुटला आणि क्षणभर मोकळा झाला, आणि जमिनीवर पडल्या पडल्या त्याने दुसऱ्यांदा बूट फिरवून तो कीपरकडे ढकलला. हा दुसरा स्पर्श जाणूनबुजून केलेला आहे आणि तो बॅक पास आहे. बाहेरून, विशेषतः मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या रांगेतून, हे दोन स्पर्श एकच वाटतात. मी तिथे नव्हतो, म्हणून रेफरीवर दोष ठेवणार नाही. त्याने दुसरा स्पर्श पाहिलेला असू शकतो. मुलाच्या डिफेंडरला शांतपणे विचारले तर तो खरे सांगेल, कारण मुलांना स्वतःचा पाय किती वेळा चेंडूला लागला हे अचूक आठवते.

‘हेतुपुरस्सर’मध्येच चुकलेल्या किकचाही विचार येतो. डिफेंडरने चेंडू बाहेर फटकावण्यासाठी पाय जोरात फिरवला, पण तो बुटाच्या टोकाला लागून मागे, कीपरच्या दिशेने उडाला. किक जाणूनबुजून मारलेली होती, पण कीपरकडे जाणूनबुजून मारलेली नव्हती. म्हणून गुन्हा नाही. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या काळ्या मातीवर पाय सटकतो आणि अशा किका एका सामन्यात चार-पाच होतात. अशा वेळी ‘सर, काहून नाही देत?’ म्हणून प्रशिक्षक ओरडला तरी रेफरीने ऐकू नये.

तिसरी अट, म्हणजे ‘कीपरसाठी’ मारलेला. याचा अर्थ चेंडू थेट कीपरच्या अंगावर यायला हवा असा नाही. कीपर पुढे धावत जाऊन घेईल अशा मोकळ्या जागेत डिफेंडरने मोजून टाकलेला चेंडूही कीपरसाठीच मारलेला असतो. पास किती लांबून आला यालाही महत्त्व नाही, मध्यरेषेपलीकडून आलेला पासही बॅक पास होऊ शकतो. मात्र तो पास वाटेत प्रतिस्पर्ध्याला लागून वळला, तर तो आता सहकाऱ्याकडून सरळ आलेला चेंडू राहत नाही आणि कीपरला हात लावता येतो. सहकाऱ्याने घेतलेल्या थ्रो-इनचा नियम 1997 पासून याच धाग्यात जोडला आहे. तो थेट कीपरकडे आला तर हात लावायचा नाही. तिथे हेतूचा प्रश्नच येत नाही, कारण थ्रो-इन कुणाच्या अंगाला लागून घडत नाही.

ही सगळी काटछाट का करावी लागली, हे समजले तर शब्द लक्षात राहतात. 1990 च्या इटलीतल्या विश्वचषकात संघ आघाडी टिकवण्यासाठी चेंडू मागे कीपरकडे देत, कीपर तो उचलून वेळ काढत, पुन्हा डिफेंडरकडे देत आणि पुन्हा घेत. 1992 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही डेन्मार्कने जर्मनीविरुद्ध पुढे असताना चेंडू पीटर श्मायकेलकडे असाच वारंवार मागे दिला होता. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला आणि बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नव्या नियमाने सामने झाले. म्हणजे नियमाचा राग वेळ काढण्यावर आहे, बचावावर नाही. टॅकलमधून सुटलेल्या चेंडूने कुणी वेळ काढत नसतो, म्हणून तो नियमाच्या जाळ्यात येत नाही.

आता कीपरची बाजू. बॅक पास आला, कीपरने तो पायाने थांबवला, दोन पावले घेतली, समोरचा फॉरवर्ड धावत अंगावर आला आणि घाबरून कीपरने चेंडू उचलला, तर तो गुन्हाच आहे. मुले समजतात की एकदा पाय लावला की बॅक पास ‘संपला’. तसे नाही. तो चेंडू दुसऱ्या कुणा खेळाडूला लागेपर्यंत तोच बॅक पास असतो, मग कीपर तो पायाने कितीही वेळ खेळवो. 2019 मध्ये यात एकच खिडकी उघडली गेली. बॅक पास आलेला चेंडू खेळात सोडण्यासाठी कीपरने स्पष्टपणे किक मारली किंवा मारण्याचा प्रयत्न केला, आणि ती चुकली, तर त्यानंतर तो चेंडूला हात लावू शकतो. कीपरने पाय पूर्ण फिरवला, चेंडू बुटाखालून निसटून गोलकडे निघाला आणि त्याने वळून झेप घेऊन तो धरला, तर खेळ चालू राहतो. पण बुटाच्या तळव्याने चेंडू थोपवणे हा खेळात सोडण्याचा प्रयत्न नव्हे. माझ्या अनुभवात या दोहोंतला फरक मागे नेलेल्या पायावरून कळतो: किकसाठी पाय मागे जातो, थोपवण्यासाठी जात नाही.

एक प्रसंग मात्र प्रेक्षकांना नेहमी अन्यायाचा वाटतो, आणि मलाही आयुष्यात एकदा त्यात पाय घसरल्याची आठवण आहे. डिफेंडरने जोरात बॅक पास दिला, कीपर पुढे आलेला होता, चेंडू त्याच्या बाजूने गोलकडे निघाला आणि कीपरने मागे धावत, झेप घेऊन हाताने तो गोलरेषेच्या हातभर आधी अडवला. नक्की होणारा गोल हाताने वाचवला. मैदानावर सर्वांना वाटते की पेनल्टी आणि लाल कार्ड! नियम म्हणतो की कीपरने आपल्याच पेनल्टी एरियात, परवानगी नसताना चेंडूला हात लावला, तर इनडायरेक्ट फ्री किक द्यायची आणि कार्ड द्यायचे नाही, मग त्याने गोल वाचवला असला तरी. मी सुरुवातीच्या काळात कामठीच्या एका सामन्यात अशाच कीपरला पिवळे कार्ड दाखवले होते. सामन्यानंतर निरीक्षक म्हणून आलेल्या ज्येष्ठ रेफरींनी मला चहाच्या टपरीवर बसवून नियमाची ओळ तोंडपाठ म्हणायला लावली. ती अजून पाठ आहे.

याचा एक व्यवहारी अर्थ निघतो आणि तो मुलाला सांगायला हरकत नाही. आपल्याच सहकाऱ्याचा बॅक पास कुणालाही न लागता गोलमध्ये गेला तर तो गोल धरला जातो. कीपरने हात लावूनही चेंडू आत गेला, तर रेफरी अ‍ॅडव्हान्टेज देऊन गोल मान्य करतो. पण हाताने अडवला तर फक्त इनडायरेक्ट फ्री किक. म्हणजे पाय पोहोचत नसेल तर हात लावणे हाच कमी नुकसानीचा मार्ग आहे. मात्र हे पेनल्टी एरियाच्या आत. त्या रेषेबाहेर कीपर इतर दहा जणांसारखाच खेळाडू असतो, तिथे हात लागला तर डायरेक्ट फ्री किक, आणि नक्की होणारा गोल त्यामुळे थांबला असेल तर लाल कार्ड.

फ्री किक घेतानाही गोंधळ होतो, आणि तुमच्या सामन्यात ज्या किकवर गोल झाला तो याच गोंधळात झाला असण्याची शक्यता मला वाटते. बॅक पास गोल एरियात, म्हणजे लहान चौकटीत, उचलला असेल, तर किक त्या जागेवरून नाही, तर त्या चौकटीच्या गोलरेषेला समांतर असलेल्या रेषेवरच्या सर्वांत जवळच्या बिंदूवरून घेतात. ही रेषा गोलरेषेपासून 5.5 मीटरवर असते. इतर वेळी बचावपटूंनी 9.15 मीटर दूर राहायचे असते, पण इथे तेवढी जागाच नाही, म्हणून त्यांना दोन खांबांच्या मधे, गोलरेषेवर उभे राहण्याची सवलत आहे. 7.32 मीटरच्या गोलमध्ये अकराही जण उभे राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 66 सेंटीमीटर येतात, आणि चौदा वर्षांच्या मुलांची भिंत मग खरोखर भिंत बनते. तिला एखाद्या हातात घेतलेल्या पताकेप्रमाणे हलू न देणे हे रेफरीचे काम असते, कारण किक होण्याआधी एकजण जरी पुढे सरकला तरी अंतर मोडते.

इनडायरेक्ट म्हणजे चेंडू दुसऱ्या एखाद्या खेळाडूला लागल्याशिवाय गोल होत नाही. एकाने चेंडू हलवायचा, दुसऱ्याने मारायचा. ‘हलवायचा’ या शब्दावर भर आहे. बुटाचा तळवा चेंडूवर नुसता टेकवला आणि चेंडू जागेवरून हलला नाही, तर तो खेळात आलेला नसतो आणि नंतरचा फटका पहिलाच स्पर्श ठरतो. तो भिंतीतल्या कुणाला न लागता थेट आत गेला, तर गोल नव्हे, गोल किक. रेफरीने हात वर ठेवून ही किक इनडायरेक्ट असल्याचे दाखवायचे असते आणि दुसरा स्पर्श होईपर्यंत हात खाली आणायचा नसतो. हात वर न करता किक घेऊ दिली आणि चेंडू सरळ गोलमध्ये गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. तुमच्या मुलाला विचारा की त्या किकच्या वेळी रेफरीचा हात कुठे होता आणि गोलआधी चेंडू किती जणांना लागला. उत्तर नीट आठवत असेल तर गोलबद्दल तुमचे मत तुम्हीच बनवू शकाल.

कीपरने चेंडू हातात किती वेळ ठेवावा, हा याला चिकटून येणारा प्रश्न आहे, पण तो वेगळा गुन्हा आहे. पूर्वी मर्यादा 6 सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती इतकी कडक वाटायची की रेफरी सहसा देत नसत. 2025-26 च्या नियमांपासून मर्यादा 8 सेकंदांची आहे, शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो, आणि वेळ संपली तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. हा नियम कीपरने चेंडू रीतसर हातात घेतल्यानंतर लागू होतो. बॅक पासचा चेंडू त्याने हातात घ्यायचाच नसतो, म्हणून त्याला सेकंद मोजण्याची वेळ येतच नाही. शिट्टी हात लागतानाच वाजते.